एक ‘आर्थिक’, इंग्रजी शब्द तीन: ई-मेलमधील सारख्या दिसणाऱ्या विशेषणांविषयी

प्रश्न: मी चाकणच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. परदेशी पुरवठादारांना रोज इंग्रजीत ई-मेल लिहावे लागतात. सेन्सिबल आणि सेन्सिटिव्ह, इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल, हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल या जोड्यांचे अर्थ मी पाठ केले आहेत, तरी लिहिताना नेमका चुकीचाच शब्द येतो. असे का होते आणि ते कसे थांबवावे?

उत्तर:

अर्थ पाठ असूनही चूक होते, तेव्हा ती चूक शब्दकोश उघडून सुटत नाही. गेली २२ वर्षे मी पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील कंपन्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार तपासण्याचे आणि शिकवण्याचे काम करीत आहे. या काळात माझे मत असे झाले आहे की तुम्ही दिलेल्या तीन जोड्यांपैकी दोन जोड्यांतील चूक इंग्रजीत होतच नाही. ती त्याआधी, वाक्य मनात मराठीत तयार होत असताना होऊन गेलेली असते. मनात ‘आर्थिक’ किंवा ‘ऐतिहासिक’ असा एकच शब्द येतो, इंग्रजीत त्याच्यासाठी दोन किंवा तीन शब्द असतात, आणि हाताला जो आधी लागेल तो आपण लिहून मोकळे होतो. तिसऱ्या जोडीचे, म्हणजे सेन्सिबल आणि सेन्सिटिव्हचे, कारण वेगळे आहे आणि पुण्यातील औद्योगिक पट्ट्यात त्याला एक खास स्थानिक पैलूही आहे. म्हणून या तिन्ही जोड्या एकाच यादीत पाठ करण्याचा फारसा उपयोग होत नाही.

सर्वांत अधिक गोंधळ ‘आर्थिक’ या शब्दामुळे होतो, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. आपण ‘आर्थिक पाहणी अहवाल’ म्हणतो, ‘आर्थिक वर्ष’ म्हणतो आणि ‘सध्या जरा आर्थिक अडचण आहे’ असेही म्हणतो. मराठीला तिन्ही ठिकाणी एकच शब्द पुरतो. इंग्रजीत मात्र पहिल्या ठिकाणी इकॉनॉमिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या ठिकाणी फायनान्शियल हा शब्द लागतो. जिथे देशाच्या, राज्याच्या किंवा एखाद्या उद्योगक्षेत्राच्या अर्थव्यवस्थेविषयी बोलायचे असते, तिथे इकॉनॉमिक. जिथे एखाद्या व्यक्तीच्या, कंपनीच्या किंवा संस्थेच्या पैशांविषयी, म्हणजे येणे-देणे, ताळेबंद, कर्ज, बिले यांविषयी बोलायचे असते, तिथे फायनान्शियल. या दोहोंत इकॉनॉमिकल कुठेच येत नाही, कारण इकॉनॉमिकल म्हणजे आर्थिक नव्हेच. इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचा, कमी खर्चात भागणारा, वाया न घालवणारा.

ही चूक केवळ भाषेची राहत नाही, हे मी एका प्रसंगात जवळून पाहिले आहे. एका लघुउद्योगाचे परदेशी ग्राहकाकडे बिल थकले होते. मुदत उलटून ४५ दिवस झाले होते. मालकांनी स्वतः ई-मेल लिहिला आणि त्यात ‘वुई आर फेसिंग इकॉनॉमिकल प्रॉब्लेम्स’ असे वाक्य घातले. दोन दिवसांनी ग्राहकाचे अतिशय सौजन्याने लिहिलेले उत्तर आले. आमच्याकडेही बाजार मंदच आहे, पुढील तिमाहीत सर्वांनाच बरे दिवस येतील, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली होती. बिलाचा उल्लेख उत्तरात कुठेही नव्हता. वाचणाऱ्याने चुकलेला शब्द मनातल्या मनात दुरुस्त केला होता, परंतु त्याने तो इकॉनॉमिक असा दुरुस्त केला आणि साऱ्या वाक्याचा अर्थ देशातील मंदीकडे नेला. मालकांना मात्र आपल्या खात्यात पैसे नाहीत, एवढेच सांगायचे होते.

आता इथे फायनान्शियल प्रॉब्लेम्स लिहिले असते तर शब्द बरोबर झाला असता, परंतु ई-मेल तरीही चांगला झाला नसता. ग्राहकाच्या खरेदी विभागाला ‘पुरवठादार फायनान्शियल अडचणीत आहे’ असे कळले की, हा पुरवठादार बंद पडला तर आपला माल अडेल, या विचाराने त्यांच्याकडे वेगळीच चक्रे फिरू लागतात. म्हणून आम्ही ते विशेषणच काढून टाकले. बिलाचा क्रमांक, देय तारीख, उलटलेले दिवस आणि रक्कम केव्हा पाठवाल हा प्रश्न, एवढेच नव्या ई-मेलमध्ये ठेवले. शिकवताना मी हे नेहमी सांगतो की ‘आर्थिक’ हा शब्द मनात आला की आधी थांबून विचारावे: हा पैसा कोणाचा आहे? देशाचा की कंपनीचा? पुष्कळदा त्या प्रश्नाचे उत्तर देताना विशेषणाची गरजच उरत नाही.

मग इकॉनॉमिकल कुठे वापरावा? खरेदी विभागात त्याला भरपूर जागा आहे, फक्त ‘स्वस्त’ याचा तो प्रतिशब्द समजू नये. समजा, तुमचा पुरवठादार माल कोरुगेटेड खोक्यात पाठवतो. खोका ६० रुपयांचा आहे आणि एका फेरीनंतर तो टाकून द्यावा लागतो. दुसरा पर्याय प्लास्टिकच्या क्रेटचा आहे. क्रेट ९०० रुपयांचा आहे, परंतु तो ६० फेऱ्या टिकतो, म्हणजे एका फेरीला १५ रुपये पडतात, आणि रिकामा क्रेट परत पाठवायला प्रत्येक वेळी ८ रुपये धरले तरी एका फेरीचा खर्च २३ रुपये होतो. हा क्रेट खरेदीच्या वेळी चीप मुळीच नाही, पण तो इकॉनॉमिकल आहे. ‘वुई सजेस्ट मोअर इकॉनॉमिकल पॅकेजिंग’ हे वाक्य इथे अचूक बसते. तिथे इकॉनॉमिक पॅकेजिंग लिहिले, तर अर्थव्यवस्थेशी संबंधित पॅकेजिंग असा काहीतरी विचित्र अर्थ होतो, आणि चीप पॅकेजिंग लिहिले, तर हलक्या प्रतीचे पॅकेजिंग असा वास येतो.

याच हिशोबात थोडा बदल करून पाहा, म्हणजे इकॉनॉमिकचा एक दुसरा आणि कमी शिकवला जाणारा अर्थ लक्षात येईल. पुरवठादार समुद्रापलीकडचा असेल आणि रिकामा क्रेट परत पाठवायला ८ ऐवजी ७० रुपये लागत असतील, तर एका फेरीचा खर्च ८५ रुपयांवर जातो आणि क्रेटचा सारा व्यवहारच परवडत नाही. ‘परवडणे’ या अर्थाने, म्हणजे घातलेला पैसा वसूल होतो की नाही या अर्थाने, इंग्रजीत इकॉनॉमिक हाच शब्द वापरतात आणि न परवडणाऱ्या गोष्टीला अनइकॉनॉमिक म्हणतात. आपल्याकडे या छटेसाठी ‘परवडणे’ हे इतके नेमके क्रियापद आहे की त्याची आठवण ठेवली तरी पुरे. मनात ‘परवडते का?’ असा प्रश्न असेल तर इकॉनॉमिक, आणि ‘कमी लागते का?’ असा प्रश्न असेल तर इकॉनॉमिकल.

तुमच्या विभागात रोज वापरला जाणारा इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी हा शब्दप्रयोगही याच कुळातला आहे. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये ही कल्पना मांडली. एका वेळी किती नग मागवले, म्हणजे मागणी नोंदवण्याचा खर्च आणि साठवणुकीचा खर्च मिळून सर्वांत कमी होतो, हे त्यात काढले जाते. अर्थ पाहू गेल्यास इथे इकॉनॉमिकलही शोभले असते, परंतु संज्ञा एकदा रूढ झाली की ती तशीच लिहायची असते. स्पेशल इकॉनॉमिक झोन, इकॉनॉमिक लाइफ या संज्ञांनाही तोच न्याय लागू आहे. दुरुस्तीलायक न राहिलेल्या यंत्राच्या बाबतीत मात्र आपल्याकडे बियाँड इकॉनॉमिक रिपेअर आणि बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर अशी दोन्ही रूपे कागदपत्रांत सापडतात. तिथे समोरच्या पक्षाच्या करारात जे रूप असेल तेच आपण वापरावे. त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये.

इकॉनॉमिकल हा शब्द इतका सहज हाताला का लागतो, याचे आणखी एक कारण आहे आणि ते मला बऱ्याच उशिरा लक्षात आले. या दोन्ही विशेषणांचे क्रियाविशेषण एकच आहे: इकॉनॉमिकली. इकॉनॉमिकली वीकर सेक्शन, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, हा शब्दप्रयोग २०१९ च्या घटनादुरुस्तीपासून तर प्रत्येक प्रवेश अर्जावर आणि नोकरीच्या जाहिरातीत दिसतो. सतत कानावर पडणाऱ्या इकॉनॉमिकली या शब्दाचे शेवटचे ‘ली’ आपण मनातल्या मनात काढतो आणि उरलेला इकॉनॉमिकल म्हणजेच ‘आर्थिक’ असे धरून चालतो. वास्तविक, इक या अक्षरांनी संपणाऱ्या बहुतेक इंग्रजी विशेषणांना क्रियाविशेषण होताना मध्ये ‘अल’ची भर मिळते, मग मूळ विशेषणात ते असो वा नसो. पब्लिकपासून होणारे पब्लिकली हा त्यातला ठळक अपवाद आहे, आणि म्हणूनच पुष्कळ जण त्याचे स्पेलिंगही चुकवतात. याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की क्रियाविशेषणावरून विशेषण ठरवू नये.

हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल ही जोडी त्या मानाने सोपी आहे, कारण इथे फक्त दोनच घरे आहेत. मराठीत ‘ऐतिहासिक कादंबरी’ आणि ‘ऐतिहासिक निकाल’ या दोन्हींत शब्द एकच असला, तरी अर्थ एक नाही, हे आपल्यालाही जाणवते. कादंबरी इतिहासाविषयीची असते, ती स्वतः इतिहास घडवत नाही, म्हणून ती हिस्टॉरिकल. निकाल इतिहासात नोंद व्हावी एवढा मोठा असतो, म्हणून तो हिस्टॉरिक. पुण्यातलेच उदाहरण घ्यायचे तर १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या दप्तरातील एखादा साधा जमाखर्चाचा कागदही हिस्टॉरिकल डॉक्युमेंट आहे. त्या कागदाने काही घडवले असण्याची अट नाही, तो जुन्या काळाचा पुरावा आहे एवढे पुरते. उलट, १८४८ मध्ये भिडे वाड्यात फुले दांपत्याने सुरू केलेली मुलींची शाळा ही हिस्टॉरिक घटना आहे, कारण तिच्यामुळे पुढचा इतिहास बदलला.

खरेदी विभागाच्या ई-मेलमध्ये या जोडीतील योग्य शब्द जवळजवळ नेहमीच हिस्टॉरिकल असतो. मागील वर्षांचा खप, मागील दर, मागील नाकारलेल्या मालाचे प्रमाण या सर्वांना हिस्टॉरिकल डेटा म्हणतात. मराठीत आपण इथे ‘ऐतिहासिक’ म्हणतच नाही, ‘मागील’ किंवा ‘पूर्वीचा’ म्हणतो, आणि हीच तुमची कसोटी होऊ शकते. ‘मागील’ हा शब्द बसत असेल तर हिस्टॉरिकल लिहावे. मी तपासलेल्या एका ई-मेलमध्ये ‘प्लीज कोट ॲट हिस्टॉरिक प्राइसेस’ असे लिहून गेले होते. लिहिणाऱ्याला मागील करारातील दर अपेक्षित होते. पुरवठादाराने प्रामाणिकपणे विचारले की कोणता विक्रमी दर म्हणता, सर्वांत चढा की सर्वांत उतरलेला? बाजारभावांच्या बातम्यांत हिस्टॉरिक हाय आणि हिस्टॉरिक लो असे शब्दप्रयोग नेहमी येत असल्यामुळे त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. खुलासा होईपर्यंत दोन दिवस गेले आणि तोवर कोटेशनची मुदत संपत आली होती.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. ब्रिटनमधील लेखनात जुन्या, पूर्वी घडलेल्या गोष्टींसाठीही हिस्टॉरिक हा शब्द अलीकडे पुष्कळ दिसतो. त्यामुळे तिकडच्या एखाद्या सहकाऱ्याने हिस्टॉरिक डेटा असे लिहिले, तर त्याला दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये. आपण स्वतः लिहिताना हिस्टॉरिकल लिहिले, तर ते जगात कुठेही चुकीचे ठरत नाही, म्हणून आपण तेच धरावे. विमा किंवा बांधकामाच्या पत्रव्यवहारात दोन्ही शब्द शेजारी येऊ शकतात, आणि तिथे भेद जपणे खरोखर उपयोगाचे असते. मुठेच्या काठावरील एखाद्या जागेचा अहवाल लिहिताना मागील अनेक वर्षांच्या पूरपातळ्यांच्या नोंदी या हिस्टॉरिकल फ्लड लेव्हल्स होत, आणि पानशेत फुटल्यावर १२ जुलै १९६१ रोजी आलेला पूर हा हिस्टॉरिक फ्लड होय. पहिल्याचे काम सरासरी सांगण्याचे आहे, दुसऱ्याचे काम टोक सांगण्याचे आहे, आणि वाचणारा अभियंता त्यातून वेगवेगळे आकडे काढणार असतो.

आता सेन्सिबल आणि सेन्सिटिव्ह. इथे मराठीला दोष देता येत नाही, कारण ‘समंजस’ आणि ‘संवेदनशील’ या शब्दांत आपण कधीच गल्लत करत नाही. गोंधळ होतो तो दोन्ही इंग्रजी शब्दांच्या पोटात सेन्स दिसतो म्हणून. शब्दांच्या शेवटाकडे पाहिले तर वाट सापडते. इबल हा प्रत्यय मुळात ‘जे होऊ शकते, करता येते’ असे सांगतो. व्हिजिबल म्हणजे दिसू शकणारे, ऑडिबल म्हणजे ऐकू येणारे. त्या न्यायाने सेन्सिबल म्हणजे जाणवू शकणारे, संवेद्य. इव्ह हा प्रत्यय ‘जे स्वतः काही करते किंवा प्रतिसाद देते’ असे सांगतो, म्हणून सेन्सिटिव्ह म्हणजे ज्याला जाणवते असे, संवेदनशील. पुढे सेन्सिबलचा मूळ अर्थ मागे पडून ‘समंजस, व्यवहार्य, शहाणपणाचा’ हा अर्थ रूढ झाला आणि प्रत्ययाचा धागा तुटला. वातानुकूलन यंत्रणांच्या क्षेत्रात मात्र तो जुना अर्थ जिवंत आहे. थर्मामीटरवर दिसणाऱ्या उष्णतेला सेन्सिबल हीट म्हणतात आणि तापमान न बदलता अवस्था बदलण्यात खर्च होणाऱ्या उष्णतेला लेटंट हीट म्हणतात. एका कंपनीत एका होतकरू तपासनिसाने कोटेशनमधील सेन्सिबल हीट लोड ‘दुरुस्त’ करून सेन्सिटिव्ह हीट लोड केले होते. त्याचा हेतू चांगला होता, म्हणूनच ही मर्यादा आवर्जून सांगतो.

सेन्सिटिव्हचा अर्थ पक्का बसवायला मी वर्गात सेन्सेक्सचे उदाहरण देतो. सेन्सेक्स हे सेन्सिटिव्ह आणि इंडेक्स या शब्दांच्या जोडणीतून झालेले नाव आहे. शेअर बाजाराचे विश्लेषक दीपक मोहोनी यांनी १९८९ मध्ये ते रूढ केले. बाजारात काही हलले की हा निर्देशांक लगेच हलतो, म्हणून तो सेन्सिटिव्ह. कार्यालयात येणारे त्या शब्दाचे सर्व उपयोग याच कल्पनेतून समजतात. ओलाव्याने बिघडणारा भाग हा सेन्सिटिव्ह टू मॉइश्चर असतो, आणि कंपनीबाहेर गेल्यास शेअरचा भाव हलवू शकणाऱ्या माहितीला सेबीचे नियम प्राइस सेन्सिटिव्ह इन्फर्मेशन म्हणतात. या शब्दाच्या पुढे बहुतेक वेळा ‘टू’ आणि मग नाम येते: टू मॉइश्चर, टू हीट, टू प्राइस. सेन्सिबलच्या पुढे ‘टू’ आले, तर त्याच्या मागोमाग क्रियापद येते: ‘इट वुड बी सेन्सिबल टू वेट’, म्हणजे थांबणे शहाणपणाचे ठरेल. ‘टू’नंतर काय आहे एवढे पाहिले तरी या जोडीतील बऱ्याचशा चुका पाठवण्यापूर्वी सापडतात.

पुण्यातील स्थानिक पैलू म्हणालो तो जर्मनांचा. चाकण, रांजणगाव, पिंपरी या भागांत जर्मन कंपन्या मोठ्या संख्येने आहेत आणि आपल्या अनेक अभियंत्यांचा रोजचा पत्रव्यवहार जर्मन सहकाऱ्यांशी असतो. जर्मन भाषेत संवेदनशील या अर्थाचा शब्द जवळजवळ सेन्सिबलसारखाच आहे, आणि अनेकवचनी नामापुढे, म्हणजे ‘संवेदनशील माहिती’ म्हणताना, त्याचे स्पेलिंग इंग्रजी सेन्सिबलशी अक्षर न अक्षर जुळते. त्यामुळे जर्मन सहकारी इंग्रजीत लिहितानाही सेन्सिबल डेटा किंवा सेन्सिबल पार्ट्स असे लिहून जातो. आपला माणूस ते वाचतो, मूळ कार्यालयातून आलेला शब्द आहे म्हणजे तो बरोबरच असणार असे धरतो, आणि पुढच्या ई-मेलमध्ये तोच वापरतो. ‘आर्थिक’च्या बाबतीतही जर्मनची स्थिती आपल्यासारखीच आहे: व्हिर्टशाफ्टलिश हा त्यांचा एकच शब्द इकॉनॉमिक, इकॉनॉमिकल आणि कधी कधी फायनान्शियल या तिन्ही अर्थांनी येतो, आणि हिस्टोरिश हा शब्द दोन्ही प्रकारच्या ‘ऐतिहासिक’ला पुरतो. म्हणजे दोन्ही बाजूंची माणसे एकाच ठिकाणी अडखळतात, एकमेकांची चूक वाचून ती पक्की करतात, आणि तिसऱ्या देशातील पुरवठादार मध्ये आला की मग खोळंबा होतो. तुमचा बहुतेक पत्रव्यवहार जर्मनीशी असेल, तर त्यांच्या ई-मेलमधील विशेषणे उचलताना विशेष सावध राहावे.

आता हे सगळे एका मसुद्यात लावून दाखवतो. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या ई-मेलसारखाच हा एक नमुना आहे:

‘ड्यू टू द करंट इकॉनॉमिकल सिच्युएशन, वुई रिक्वेस्ट यू टू ऑफर अ सेन्सिटिव्ह प्राइस. वुई हॅव अटॅच्ड अवर हिस्टॉरिक कन्झम्प्शन फॉर द लास्ट थ्री इयर्स. धिस डेटा इज सेन्सिबल, सो प्लीज डू नॉट फॉरवर्ड इट. वुई ऑल्सो सजेस्ट इकॉनॉमिक पॅकेजिंग.’

पहिल्या वाक्यातील ‘आर्थिक परिस्थिती’ कोणाची, हे आधी ठरवावे लागेल. लिहिणाऱ्याच्या मनात बाजारातील मंदी होती, म्हणून तिथे इकॉनॉमिक सिच्युएशन हवे. त्याच वाक्यात वाजवी दर मागायचा आहे. सेन्सिटिव्ह प्राइस याचा अर्थ नाजूक किंवा गुप्त दर असा होईल. सेन्सिबल प्राइस चालते, परंतु त्यातून ‘तुमचा आधीचा दर शहाणपणाचा नव्हता’ असा सूर निघू शकतो, म्हणून मी तिथे रिझनेबल प्राइस सुचवीन. दुसऱ्या वाक्यात ‘मागील’ हा शब्द बसतो, म्हणजे हिस्टॉरिकल कन्झम्प्शन. तिसरे वाक्य सर्वांत धोक्याचे आहे, कारण ‘ही माहिती समंजस आहे’ असे वाचून कोणीही ती जपून ठेवणार नाही. तिथे सेन्सिटिव्ह हवे, आणि माहिती खरोखरच कोणाला दाखवायची नसेल, तर कॉन्फिडेन्शियल लिहिणे अधिक बरे, कारण तो शब्द करारातही असतो आणि त्याचा आधार घेता येतो. चौथ्या वाक्यात कमी खर्चाचे पॅकेजिंग सुचवायचे आहे, म्हणून इकॉनॉमिकल. दुरुस्त केलेला मसुदा असा होईल:

‘ड्यू टू द करंट इकॉनॉमिक सिच्युएशन, वुई रिक्वेस्ट यू टू ऑफर अ रिझनेबल प्राइस. वुई हॅव अटॅच्ड अवर हिस्टॉरिकल कन्झम्प्शन फॉर द लास्ट थ्री इयर्स. धिस डेटा इज कॉन्फिडेन्शियल, सो प्लीज डू नॉट फॉरवर्ड इट. वुई ऑल्सो सजेस्ट मोअर इकॉनॉमिकल पॅकेजिंग.’

मूळ मसुद्यातील एकाही शब्दाखाली संगणकाच्या स्पेलिंग तपासणीने लाल रेघ ओढली नसती, कारण प्रत्येक शब्दाचे स्पेलिंग बरोबर आहे. म्हणून ही तपासणी स्वतःच करावी लागते. आउटलुकच्या सेंट आयटम्समध्ये जाऊन शोधाच्या चौकटीत `economic` एवढेच टाइप करावे. त्या अक्षरांनी सुरू होणारे दोन्ही शब्द असलेले तुमचे जुने ई-मेल समोर येतील. त्यांतील वीस-पंचवीस वाक्ये वाचून प्रत्येकापुढे ‘देशाची’, ‘परवडणारे’, ‘कमी खर्चाचे’ किंवा ‘पैशांची’ यांपैकी काय म्हणायचे होते ते मराठीत लिहावे. नंतर `histor` टाइप करून हेच ‘मागील’ आणि ‘इतिहासात नोंद होईल असे’ या दोन पर्यायांनी करावे. आपण नेमके कोणत्या नामापाशी चुकतो, हे त्यातून दिसते. माझ्याकडे शिकायला आलेल्या बहुतेकांची चूक सर्वत्र विखुरलेली नसते. ती सिच्युएशन, प्रॉब्लेम, कंडिशन अशा दोन-तीन नामांपाशीच साठलेली असते, आणि ती दोन-तीन जोडपी पाठ झाली की पुरते.

तुमच्या प्रश्नात नसलेली, परंतु तुमच्या कामात हमखास येणारी एक जोडी जाता जाता सांगतो, ती म्हणजे इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रिकल. ठरावीक, विजेवर चालणाऱ्या वस्तूला इलेक्ट्रिक लावतात, जसे इलेक्ट्रिक मोटर, इलेक्ट्रिक व्हेइकल. विजेशी सर्वसाधारणपणे संबंध असलेल्या विषयाला, विभागाला किंवा बिघाडाला इलेक्ट्रिकल लावतात, जसे इलेक्ट्रिकल डिपार्टमेंट, इलेक्ट्रिकल फॉल्ट, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. मोटर इलेक्ट्रिक असते आणि तिच्यातला बिघाड इलेक्ट्रिकल असतो, त्यामुळे तक्रारीच्या एकाच ई-मेलमध्ये हे दोन्ही शब्द बरोबर येऊ शकतात. इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकलचा निकष इथे लावायला जाऊ नका. शेवट सारखा दिसत असला तरी या जोडीची वाटणी वेगळ्या तत्त्वावर झाली आहे.